वडा घेतला, हिरवी चटणी घेतली नाही

"गाडीवरच्या खाण्याच्या व्हिडिओत चव, दर, स्वच्छता असं सगळं खरं खरं बोलता, तरी गाडीवाले चिडत कसे नाहीत? स्क्रिप्ट लिहिता तरी कशी?"

चिडतात ते बहुतेक विशेषणांवर. 'कळकट', 'घाणेरडं', 'कसंतरी' असं म्हटलं की ते त्या माणसालाच चिकटतं आणि त्यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. पण 'पाव कापणारा आणि पैसे घेणारा हात एकच होता' असं म्हटलं तर ते एका कामाबद्दल होतं. ते काम त्याला उद्या वेगळं करता येतं आणि तसं करणं का जमत नाही हेही त्याला सांगता येतं. म्हणून मी जे दिसलं ते, कुठे दिसलं आणि किती वाजता दिसलं, एवढंच लिहिते. वडापावच्या गाडीचं उदाहरण घेऊन सांगते, कारण तिथे हे सगळे प्रश्न एकाच वेळी समोर येतात.

आधी चव. चवीबद्दल बोलताना आवड आणि दोष या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवते. लसूण जास्त, तिखट कमी, बटाटा ठेचलेला की फोडींचा, ही त्या गाडीची पद्धत असते. तिथे वाक्यात 'मला' हा शब्द आलाच पाहिजे. दोषाच्या बाबतीत तसं नसतं. आवरणाच्या आतल्या बाजूला पीठ कच्चट, चिकट लागलं तर तेल जास्त तापलेलं होतं, बाहेरून रंग आला आणि आतलं पीठ शिजायचं राहिलं. खाल्ल्यावर जिभेवर साबणासारखी चव रेंगाळली तर पिठात सोडा जास्त पडलाय, आणि असा वडा तेलही जास्त पितो. वडा तेलकट लागण्याचं आणखी एक कारण गर्दीच्या वेळी दिसतं. गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात, एका घाण्यात नेहमीपेक्षा जास्त वडे पडतात, तेलाची धग एकदम उतरते आणि आवरण घट्ट होण्याआधीच तेल आत शिरतं. म्हणून जमेल तेव्हा मी एक वडा निवांत वेळचा खाते आणि एक गर्दीतला. दोघांत फरक पडला तर स्क्रिप्टमध्ये तोच सांगते. 'वडे तेलकट आहेत' यापेक्षा 'साडेसातच्या गर्दीतला वडा तेलकट होता' हे जास्त खरं आहे, आणि ऐकणाऱ्याच्या जास्त उपयोगाचंही.

तेलाबद्दल मात्र जपून बोलावं लागतं. काळपट तेल दिसलं की लोक लगेच 'जळकं तेल' म्हणून मोकळे होतात. बेसनाचा चुरा आणि हळद यांनीही तेल गडद होतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही. वारंवार तापवलेल्या तेलाला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेची, मर्यादा आहे. तेल तापून तापून बिघडत जातं तसे त्यात ध्रुवीय घटक वाढतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळायला वापरायचं नाही, आणि हा नियम १ जुलै २०१८पासून लागू आहे. पण ते मोजायला यंत्र लागतं, डोळ्यांना ते कळत नाही. मी वास आणि वागणूक बघते. तेल नेहमीच्या आचेवरच धुरायला लागलं, वडे काढल्यावरही वरचा फेस बसला नाही, खाल्ल्यावर घशात खवखवलं, तर तेवढंच सांगते. 'तेल खराब आहे' हा शेरा मी मारत नाही, कारण तो सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही.

दराचं काम त्या मानाने लहान आहे, पण एक शब्द मी कटाक्षाने टाळते, तो म्हणजे 'फक्त'. 'फक्त २० रुपयांत' असं म्हटलं की तो दर त्या माणसाच्या गळ्यात बांधल्यासारखा होतो. पुढे बेसन, तेल महागलं आणि त्याने दोन रुपये वाढवले, तर लोक व्हिडिओ दाखवून हुज्जत घालतात. म्हणून दर, त्यात काय काय मिळतं, पोट भरायला किती लागतात आणि चित्रीकरणाची तारीख, एवढं बोलते. स्वस्त की महाग हे ज्याचं त्याने ठरवावं. पैसे मी नेहमी देते. कुणी घेतलेच नाहीत तर तेही व्हिडिओत सांगते.

आता स्वच्छता, कारण खरी अडचण इथेच येते. आख्ख्या गाडीला एकच शेरा द्यायला जाल तर तो अपमान होतो आणि चुकीचाही ठरतो. एकाच गाडीवर प्रत्येक पदार्थाची जोखीम वेगळी असते. नुकताच कढईतून निघालेला, आतपर्यंत वाफाळता वडा ही तिथली सगळ्यात भरवशाची गोष्ट, कारण त्या उष्णतेत जंतू टिकत नाहीत. जोखीम असते ती न शिजवलेल्या ओल्या गोष्टींत. हिरव्या चटणीतली कोथिंबीर कच्ची असते, त्यात पाणी पडतं, आणि ती तासन् तास तशीच बाहेर राहते. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडची दुपार या पट्ट्याच्या बरोबर मध्ये येते. सुक्या लसणीच्या चटणीत पाणीच नसल्यामुळे तिचं भय त्या मानाने बरंच कमी. म्हणून गाडीबद्दल निकाल देण्याऐवजी मी काय खाल्लं, काय नाही खाल्लं आणि का, ते सांगते. ज्याचं पोट नाजूक आहे त्याला नेमकं हेच हवं असतं.

एका गाडीवरची स्क्रिप्ट जशीच्या तशी देते, ठिकाण तेवढं गाळून:

"संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. काका वडे तळतात, मुलगा पाव भरून देतो. घाणा आत्ताच निघालाय, वडा हातात धरवत नाहीये. आवरण पातळ आणि कुरकुरीत. आत बटाट्याच्या फोडी लागतात, आलं-लसूण पुढे आहे. मीठ मला थोडं कमी वाटलं. सुक्या चटणीबरोबर ते जाणवत नाही, नुसता वडा खाल्लात तर जाणवेल. हा दुसरा वडा साडेसातचा. आता गर्दी आहे, कढई भरलेली आहे, आणि हा वडा कागदावर तेल सोडतोय. दर २० रुपये, त्यात दोन्ही चटण्या आणि तळलेली मिरची. माझं पोट दोन वडापावांत भरलं, म्हणजे ४० रुपये झाले. आता स्वच्छतेचं. सारण झाकलेलं आहे, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला तोटी आहे. पाव भरणारा आणि पैसे घेणारा हात एकच आहे, मध्ये हात धुतलेले मला दिसले नाहीत. क्यूआर लावलेला आहे, मी त्यावर पैसे दिले. हिरवी चटणी काकांनी दुपारी दोनला आणलीय, पातेलं उघडं आहे. मी ती घेतली नाही, सुकी घेतली. वडा वर्तमानपत्रात मिळत होता, मी ताटली मागितली आणि ती लगेच मिळाली. काकांचं म्हणणं असं: इथे नळ नाही, पाणी घरून कॅनमध्ये आणावं लागतं, त्यामुळे हात धुवायला पाणी पुरवून वापरावं लागतं."

यातली शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे. छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरू शकते. हा नियम कॅमेऱ्यासमोर काकांना वाचून दाखवता आला असता. पण ताटली मागितली की मिळते हे कळलं तर प्रेक्षकही ताटली मागतात, आणि मागणारे वाढले की रद्दी मागे पडते. पाण्याचंही तसंच आहे. नळ नसलेल्या जागेवर हात न धुण्याचा सगळा दोष एका माणसावर टाकणं मला पटत नाही. 'हात धुतलेले दिसले नाहीत' हे वाक्य मात्र मी गाळत नाही. काकांचं कारण त्याच्या शेजारी ठेवते, दोन्ही एकाच श्वासात ऐकू येतील असं.

हे कारण मिळतं ते विचारल्यामुळे, आणि कसं विचारलं यावर ते मिळणं अवलंबून असतं. कॅमेरा बंद करून, गिऱ्हाइकं नसताना विचारायचं: "काका, चटणी किती वाजता करता? दुसऱ्यांदा करून आणायला जमतं का?" "चटणी शिळी आहे का?" या प्रश्नाला एकच उत्तर असतं, 'नाही', आणि मग पुढचं बोलणंच बंद होतं. चित्रीकरणातही हाच शिरस्ता. नखांवर, फडक्यावर, गाडीखालच्या बादलीवर कॅमेरा नेऊन थांबायचं नाही, त्यावर ढणढण संगीत लावायचं नाही. तोंडाने सभ्य बोलून चित्रातून शिवी दिली तर ती शिवीच असते. कॅमेऱ्यात चेहरा घ्यायचा तर आधी विचारायचं. हातांचं आणि कढईचं चित्रीकरण पुरतं.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत थांबते. सारणाला आंबूस वास आला, किंवा वापरलेल्या ताटल्या त्याच गढूळ पाण्यात बुचकळून पुन्हा दिल्या जात असतील, तर तो विषय चवीच्या व्हिडिओचा उरत नाही. मी तिथे खात नाही, त्यांना तिथेच हळू आवाजात सांगते आणि व्हिडिओ करत नाही. तरीही तसंच चालू राहिलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. आणि नंतर पोट बिघडलं तरी 'या गाडीमुळे' असं मी म्हणत नाही. अन्नातून झालेली बाधा काही तासांत दिसते, कधी काही दिवसांनीही, आणि मधल्या काळात माणसाने इतरही बरंच खाल्लेलं असतं.

व्हिडिओ टाकण्याआधी गाडीवाल्यांना त्यांचा भाग ऐकवते. माहिती चुकली असेल, म्हणजे दर, वेळ, चटणी कधीची, तर लगेच दुरुस्त करते. 'मीठ कमी म्हटलंय ते काढा' असं कुणी म्हणालं तर काढत नाही, पण त्यावर त्यांना जे म्हणायचं असेल ते जोडते. या काकांनी मिठाबद्दल काही म्हटलं नाही. चटणीच्या वाक्यावर मात्र ते म्हणाले, "दुपारी दोनला आणतो, पण सहाला मुलगा नवीन घेऊन येतो, त्या दिवशी त्याला उशीर झाला." तेही वाक्य त्यांच्याच आवाजात व्हिडिओत घेतलं.