इन्सुलिन सुरू केल्यावर वाढलेले साडेचार किलो: माझा अनुभव

माझ्या तपासणीच्या कार्डावर ‘आरंभीचे वजन’ असा एक रकाना आहे आणि त्यात ६५ किलो ही नोंद आहे. तीन महिन्यांनी त्याच कार्डावर ६९.६ लिहिले गेले आणि त्याभोवती लाल वर्तुळ काढण्यात आले. त्या वर्तुळाने मला जो मनस्ताप दिला, तो रोजच्या सुईने कधीच दिला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टाइप २ मधुमेहाचे निदान होऊन मला नऊ वर्षे झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्यांवर बरीच वर्षे ठीक गेली. नंतर आठ महिन्यांत माझे वजन ७२ वरून ६५ किलोवर आले, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागू लागले आणि एचबीए१सी १०.२ निघाले. डॉक्टरांनी लघवीतील कीटोन, म्हणजे इन्सुलिन फार अपुरे असताना चरबी जळून तयार होणारी द्रव्ये, तपासली, ती नव्हती. मात्र खाणे नेहमीसारखे असताना वजन इतके उतरणे म्हणजे शरीरात इन्सुलिन अपुरे पडत असल्याची खूण आहे, असे सांगून त्यांनी रात्री झोपताना दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन १० युनिटांपासून सुरू केले. उपाशीपोटीची साखर १३० च्या खाली येईपर्यंत दर तीन दिवसांनी २ युनिटे वाढवायची होती. टोचून घेणे शिकायला दोन दिवस पुरले आणि साधारण चौथ्या आठवड्यात मी २६ युनिटांवर स्थिर झाले. इथपर्यंत सांगण्यासारखी अडचण आली नाही.

अडले ते सहाव्या आठवड्यात. वजन करणाऱ्या कर्मचाऱ्याने ६८.१ हा आकडा टिपला आणि कार्डावर ‘वजनवाढ, आहार नियंत्रण’ एवढेच लिहून मला बाहेर पाठवले. डॉक्टरांची भेट त्या दिवशी नव्हती. मी दोनदा दूरध्वनी केला. दोन्ही वेळा उत्तर मिळाले की एचबीए१सी तीन महिन्यांनी व्हायचे असल्याने त्याआधी तारीख मिळणार नाही. हे प्रमाण मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे असते, त्यामुळे त्या तपासणीसाठी थांबणे योग्यच होते. पण वजनाचा प्रश्न आजचा होता आणि तो विचारायला जागाच नव्हती. आहार तर मी आधीपासून सांभाळत होते. त्या तीन शब्दांत कारण नव्हते, उपाय नव्हता, होता तो केवळ ठपका.

मग मी जे केले ते कोणीही करू नये. मी स्वतःच्या मनाने डोस २६ वरून १४ युनिटांवर आणला. सोळा दिवसांत वजन ६६.४ झाले आणि मला खरोखर आनंद झाला. त्याच दिवसांत उपाशीपोटीची साखर २१० ते २३० येत होती, तहान पुन्हा वाढली होती आणि रात्रीचे उठणे परत सुरू झाले होते. हे सारे वहीत मी माझ्याच हाताने लिहीत होते, तरी नजर वजनकाट्यावरच होती. सतराव्या दिवशी डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, तेव्हा घाबरून पुन्हा २६ युनिटे घेऊ लागले.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीत डॉक्टरांनी आधी कार्ड नव्हे, वही मागितली. मी डोस कमी केल्याचे लपवले नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, “या सोळा दिवसांत उतरलेले वजन कशाचे होते, असे तुम्हाला वाटते?” मी म्हणाले, “चरबीचे.” त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि कागदावर मांडून दाखवले.

रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडे ती पूर्ण परत शोषू शकत नाहीत आणि ती लघवीवाटे जाऊ लागते. दिवसाला ६० ग्रॅम साखर अशी गेली, तर ग्रॅमला ४ उष्मांक या हिशेबाने २४० उष्मांक वाहून जातात आणि तिच्याबरोबर पुष्कळ पाणीही जाते. यकृत आणि स्नायू यांतील साखरेचा साठा रिता होतो, तेव्हा त्याला धरून असलेले पाणीही निघून जाते. माझे सोळा दिवसांतील पावणेदोन किलो बहुतांशी हेच होते. याच्या उलट, इन्सुलिनने साखर आटोक्यात आली की ती गळती थांबते; पूर्वी वाया जाणारे उष्मांक शरीरात राहतात, साठे भरतात, पाणी परत येते. खाणे तेवढेच असले तरी वजन वाढते. शिवाय इन्सुलिन चरबी साठवण्यास मदत करते आणि साठलेली चरबी सुटू देत नाही, तो त्याचा स्वभावच आहे.

यानंतर त्यांनी जे विचारले, त्याने माझा तीन महिन्यांचा गुंता सुटला. “आजारापूर्वी तुमचे वजन किती होते?” ७२ किलो. म्हणजे ६९.६ हे अजूनही माझ्या जुन्या वजनाहून कमी होते. कार्डावरचे ६५ हे आजाराने खाल्लेले वजन होते आणि आम्ही मोजणी तिथूनच सुरू केली होती. त्या रकान्याशेजारी ‘आजारापूर्वी ७२’ एवढे जरी लिहिलेले असते, तरी लाल वर्तुळ निघाले नसते, असे मला आजही वाटते.

अर्थात सगळी वाढ भरपाईची नव्हती, हेही त्यांनी स्पष्ट केले. फक्त एक वेळचे दीर्घकालीन इन्सुलिन सुरू केल्यावर पहिल्या वर्षात सरासरी सुमारे २ किलो वाढ दिसते. जेवणाआधीचे किंवा मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांत ती जास्त, ५ किलोच्या आसपास असू शकते. माझी साखर फार चढलेली असल्याने थोडी अधिक वाढ अपेक्षितच होती. तरीही काही भाग उरत होता आणि तो माझ्या वहीत सापडला.

झोपताना साखर १६८, सकाळी ९२, असे अनेक दिवस लिहिलेले होते. रात्रभरात ५० पेक्षा अधिक उतरण वारंवार दिसली, तर रात्रीचा डोस गरजेहून जास्त आहे का, ते पाहावे लागते. दोन रात्री तर मी पहाटे तीनच्या सुमारास घामाने भिजून उठले होते आणि साखर ५८ होती. त्या वेळी हातपायांची थरथर थांबेपर्यंत मी हाताला येईल ते खात राहिले. त्या धास्तीने पुढे रोजच, साखर १६० असली तरीही, झोपण्यापूर्वी काहीतरी खाऊन झोपू लागले. डॉक्टरांनी त्याचाही हिशेब केला: अंदाजे २५० उष्मांक आणि ५० रात्री, म्हणजे १२,५००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात, तेव्हा दीड किलोहून अधिक वाढ केवळ या भीतीपोटीच्या खाण्याची होती. मला कोणी आधी हे विचारलेच नव्हते.

त्यामुळे उपाय आहार नियंत्रणाचा नव्हता, रात्रीची साखर घसरू न देण्याचा होता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्या गोळीनेही वजन वाढते आणि इन्सुलिनच्या जोडीला साखर उतरण्याचा धोकाही वाढतो, म्हणून ती बंद केली. इन्सुलिन २६ वरून २२ युनिटे केले. मेटफॉर्मिन मात्र चालू ठेवले, कारण त्याने इन्सुलिनमुळे होणारी वजनवाढ काहीशी रोखली जाते. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे, १५ मिनिटे थांबायचे आणि पुन्हा मोजायचे. थरथर थांबण्याची वाट पाहत खात राहायचे नाही, कारण साखर सावरल्यानंतरही ती थोडा वेळ टिकते.

मी विचारले की मग वजन वाढवणारी औषधे द्यायचीच कशाला. त्यावर त्यांनी ‘यूकेपीडीएस’ या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासाचे उदाहरण दिले, ज्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात साखर काटेकोर ठेवण्यासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांचे वजन दहा वर्षांत तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ४ किलो अधिक वाढले होते. पण काटेकोर उपचारांच्या गटात डोळे, मूत्रपिंडे यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी निगडित गुंतागुंत २५ टक्के कमी झाली. उपचारांतला फरक संपल्यानंतरही दहा वर्षांनी हा लाभ टिकून होता. “चार किलो मी हलके मानत नाही,” ते म्हणाले, “पण १०.२ एचबीए१सी तसेच ठेवून मिळालेले बारीकपण मला तुमच्या डोळ्यांच्या बदल्यात नको आहे.” त्याच भेटीत त्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घेण्याची चिठ्ठीही दिली.

वजन उतरवणारी नवी औषधे का नाहीत, हेही मी विचारले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या इन्सुलिन फार अपुरे असताना कीटोन वाढवू शकतात, म्हणून त्यांनी सुरुवातीला टाळल्या होत्या. साखर स्थिरावल्यावर सहाव्या महिन्यात तशी एक गोळी सुरू केली. पायोग्लिटाझोनचा विचार त्यांनी केलाच नाही. त्याने शरीरात पाणी धरले जाते, इन्सुलिनबरोबर ते अधिक होते आणि हृदय दुर्बल असलेल्यांना ते धोक्याचे ठरते. ही गोळी घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: नडगीवर अंगठा दाबून खळगा राहत असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने चढले असेल किंवा आडवे झाल्यावर दम लागत असेल, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठले पाहिजे.

आधी सांगायचे राहिले. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करावे आणि शेजारी उपाशीपोटीची साखर लिहावी. एकटा वजनाचा आकडा काहीच सांगत नाही. वजन उतरते आहे आणि साखर चढते आहे, असे दिसले तर ती आनंदाची बाब नाही, हे मी सोळा दिवस गमावून शिकले.

आता नऊ महिने झाले. इन्सुलिन २० युनिटे, एचबीए१सी ७.१, वजन ६७.८, आणि पहाटेचा घाम एकदाही आलेला नाही. गेल्या भेटीत वजन करणाऱ्या कर्मचाऱ्याला मी कार्डावर ‘आजारापूर्वी ७२’ लिहायला सांगितले. त्याने रकाना भरलेला आहे म्हणून नकार दिला, तेव्हा मी पेन मागून घेतले आणि समासात स्वतः लिहिले.