कोनाडा वजा करू नका: बाथरूमच्या डॅडोचा माझा अनुभव

परभणीच्या आमच्या घराचं बाथरूम आतून 5 बाय 7 फुटांचं. डॅडो, म्हणजे भिंतींवरच्या टाइल्स, 7 फूट उंच लावायचा होता. चारही भिंतींची लांबी 24 फूट, म्हणजे एकूण 168 चौरस फूट. दार अडीच बाय सातचं, त्याचे साडेसतरा गेले. इथपर्यंत मी आणि टाइल्सच्या दुकानातला पोरगा एकमताचे होतो.

मग त्यानं खिडकीचे 4 चौरस फूट आणि कोनाड्याचे 2 चौरस फूट वजा केले. उरले 144.5. एका पेटीत 300 बाय 450 मिलिमीटरच्या 6 टाइल्स, म्हणजे साधारण 8.72 चौरस फूट. "17 पेट्या लागतील काका, जास्त कशाला नेता?" मला तो पोरगा प्रामाणिक वाटला. तिथंच फसलो.

आमची खिडकी 2 बाय 2 ची, पण तिचा खालचा काठ जमिनीपासून 6 फुटांवर. डॅडो 7 फुटांवर संपतो. म्हणजे डॅडोत खिडकीचा फक्त खालचा एक फूट येतो आणि वजा करायचे ते 2 चौरस फूट. वरच्या अर्ध्या खिडकीच्या जागी टाइल धरलेलीच नव्हती, तर वजा कशातून करणार? खिडकीला ग्रॅनाइटची चौकट होती, त्यामुळे तिच्या कडांना टाइल नव्हती. तुमच्याकडे असेल तर त्या वाढवून धरा.

कोनाड्याचा राग तर अजून गेला नाही. शाम्पू ठेवायचा कोनाडा 1 फूट रुंद, 2 फूट उंच, 4 इंच खोल. समोरचे 2 फूट वजा केले, तरी मागच्या भिंतीला तेवढीच टाइल लागतेच! शिवाय चारही कडा: घेर 6 फूट, गुणिले 4 इंच, आणखी 2 चौरस फूट. म्हणजे कोनाडा टाइल वाचवत नाही, वाढवतो.

खरा हिशोब असा: 168 वजा 17.5 वजा 2 अधिक 2, म्हणजे 150.5. त्यावर कापाकापीचे दहा टक्के धरले की 19 पेट्या. पोरानं कापाकापी धरलीच नव्हती.

आणि हो, मापं प्लास्टर झाल्यावरच घ्या, विटांच्या भिंतीची नको.

तीन भिंती झाल्या, दाराची भिंत राहिली आणि पेट्या संपल्या. मिस्त्री म्हणाला, "काका, अजून दोन आणा, आज बसून राहू का?" दुकानात तो लॉट संपला होता. नवीन दोन पेट्या आणल्या, डिझाइन तेच, रंग मात्र किंचित पिवळसर. पेटीवरचा लॉट आणि शेडचा नंबर जुळवूनच घ्या, हे मला तेव्हा कळलं.

पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. कमोड दाराच्या समोर आहे, त्यामुळे मला रोज सकाळी दिसतं.