कूलरच्या व्हिडिओतून एसी काढला

नागपुरात मार्च उजाडला की महाल भागातल्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिक काकांचा फोन थांबत नाही. कूलरची ताटी बदलून द्या, पंप बघून द्या, बॉडीला भोक पडलंय. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि रिकाम्या वेळात काकांचं यूट्यूब चॅनल सांभाळतो. ते माझ्याकडे आलं तेव्हा त्यातला सगळ्यात चांगला व्हिडिओ पंपाचा होता. पंप पाणी का उचलत नाही हे काका सात मिनिटांत उघडून दाखवतात. बोअरच्या पाण्यातले क्षार आतल्या छोट्या पंख्यावर जमतात, तो जाम होतो, आणि लोक पंप जळाला समजून नवा आणतात. व्हिडिओत खोट नव्हती, पण पाहणारे काही सेकंदांत पळत होते.

कारण शोधायला यूट्यूब स्टुडिओ उघडला. कंटेंटमध्ये तो व्हिडिओ, मग डिटेल्स, आणि खाली ‘शो मोअर’ दाबल्यावर टॅगचा डबा दिसतो. त्यात सगळे टॅग मिळून 500 अक्षरं मावतात. काकांच्या भाच्याने तो काठोकाठ भरला होता. एसी रिपेअर, फ्रिज गॅस, वॉशिंग मशीन, व्हायरल, ट्रेंडिंग, एका गाजलेल्या मालिकेचं नाव, आणि मध्ये मध्ये ‘कूलर’ पुन:पुन्हा, कधी कॅपिटल अक्षरांत तर कधी साध्या. तीच यादी डिस्क्रिप्शनच्या तळाशी पुन्हा चिकटवलेली. त्याखाली हॅशटॅगची रांग, साठाच्या कितीतरी पुढे गेलेली. टायटलही ‘कूलर एसी फ्रिज रिपेअर नागपूर’ अशा थाटाचं.

या चार जागांचं वजन सारखं नाही, आणि बहुतेक लोक इथेच गफलत करतात. टॅगच्या डब्याचा उपयोग फार थोडा. यूट्यूब स्वतःच्या मदत पानावर सांगतं की शब्द लिहिताना लोक नेहमी चुकत असतील तर टॅग कामी येतात, एरवी व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा अगदी कमी. डिस्क्रिप्शनमध्ये टॅगची यादी ओतणं मात्र स्पॅमच्या नियमात बसतं. त्यासाठी व्हिडिओ काढला जाऊ शकतो. पहिल्यांदा सहसा ताकीद मिळते, पुढे स्ट्राइक, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनलच जातं. हॅशटॅगचं गणित आणखी सरळ आहे: एका व्हिडिओवर 60 पेक्षा जास्त झाले की यूट्यूब त्यातला एकही धरत नाही. म्हणजे भाच्याने मेहनतीने लिहिलेला #नागपूर सुद्धा त्या गर्दीत फुकट गेला होता.

खरा घाव टायटलचा होता. ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्सखाली यूट्यूब सर्च निवडलं की लोकांनी कोणते शब्द टाकून व्हिडिओ गाठला ते दिसतं, आणि मोठा तक्ता उघडला तर प्रत्येक शब्दासमोर सरासरी किती वेळ पाहिला तेही. एसीच्या गॅसबद्दल शोधणारे बरेच जण आले होते आणि अर्धा मिनिटही टिकले नव्हते. ‘कूलर पाणी खेचत नाही’ असं शोधणारे थोडे होते, पण ते चार-साडेचार मिनिटं बसले होते. व्हिडिओ एकच. यूट्यूब सर्चमध्ये नुसते शब्द जुळतात का एवढंच पाहत नाही. त्या शोधासाठी आलेले लोक व्हिडिओ किती पाहतात, हेही मोजतं. चुकीच्या माणसाला बोलावून आणलं की त्याचं उठून जाणंही हिशेबात धरलं जातं.

काका ऐकायला तयार नव्हते. “अरे, एसीवाले लोक जास्त हायेत ना बाप्पा. ते येऊन पाह्यतील तर काय बिघडते? तू काऊन काढून राह्यला?” मी त्यांना तो तक्ता दाखवला. अर्धं मिनिट हा आकडा त्यांना पटला, बाकी माझं भाषण नाही.

मग साफसफाई. टायटल केलं: ‘कूलरचा पंप पाणी उचलत नाही? फेकण्याआधी हे करा’. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत बिघाड कोणता आणि उपाय काय ते पूर्ण वाक्यांत लिहिलं, त्याखाली प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका ही सूचना. टॅगची यादी आणि हॅशटॅगची रांग उडवली. तीन हॅशटॅग ठेवले, कारण टायटलजवळ तेवढेच दिसतात.

टॅगच्या डब्यात काय ठेवायचं यावर मात्र वेळ गेला. माझी कसोटी अशी होती: हा शब्द शोधणारा माणूस हा व्हिडिओ उघडून थांबेल का? ‘कूलर’ लोक ‘कुलर’ही लिहितात, इंग्रजी अक्षरांत तर जसं सुचेल तसं. हे टॅग प्रामाणिक, कारण माणूस तोच आणि बिघाडही तोच, फक्त वेलांटी-उकार वेगळा. व्हिडिओत पंपावर कुठलीच कंपनी दिसत नव्हती, म्हणून जुने मोठमोठे ब्रँड गेले. अडचण ‘मोटर’ने केली. आपल्याकडे गिऱ्हाईक पंपालाही मोटरच म्हणतं, आणि पंख्याची मोटर वेगळी असते. ‘पाण्याची मोटर’ ठेवलं. ‘मोटर रिवाइंडिंग’ काढलं, कारण ते या व्हिडिओत नाहीच. शेवटी एवढंच उरलं:

```
कूलर पंप, कुलर पंप, cooler pump, kular pump, कूलर पाण्याची मोटर, कूलर पाणी खेचत नाही
```

500 अक्षरांच्या डब्यात बरीच जागा रिकामी राहिली. ती भरायची गरज नसते.

फरक पडला का? एसीवाल्यांची ये-जा आटली, त्यामुळे सर्चमधून येणारे व्ह्यूज आधी कमीच झाले. काका दोन दिवस फुरंगटले. मग सरासरी वेळ चढली आणि पंपाशी जुळणाऱ्या शोधांतून माणसं वाढू लागली. पण याचं श्रेय मी टॅगना देणार नाही. टायटल बदललं होतं, थंबनेलवर क्षारांनी पांढरा पडलेला पंप आला होता, आणि एप्रिल लागला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचे व्हिडिओ तसेही चालतात. ही शंका मिटवायला ताटी बदलण्याच्या व्हिडिओवर मी फक्त टॅगचा डबा साफ केला, बाकी कशालाच हात लावला नाही. तिथे डोळ्यांत भरेल असा काहीच फरक दिसला नाही. त्यामुळे कुणी टॅगची तयार यादी विकायला आला तर मी तरी पैसे देणार नाही.

शोधांच्या त्या तक्त्यातून एक गोष्ट मात्र हाती लागली. पंखा हळू फिरतो म्हणून मोटर रिवाइंड करायची का, असं विचारत बरेच जण पंपाच्या व्हिडिओवर येऊन परत जात होते. त्यांच्यासाठी टॅग चिकटवण्याऐवजी काकांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. पंखा हळू झाला की पुष्कळदा रिवाइंडिंग लागतच नाही, कपॅसिटर कमजोर झालेला असतो, आणि जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा बसवला की काम होतं. काकांनी तेच दाखवलं. त्या व्हिडिओवर ‘कूलर मोटर’ हा टॅग आहे, आणि तिथे तो बसतो.