रोबो अपडेट: जायरोचा बायस, गरम ड्रायव्हर आणि केर काढताना उचललेला रोबो

मागच्या लॉगमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटरचं सहा बाजूंचं कॅलिब्रेशन झालं होतं आणि आता चाकांच्या ओडोमेट्रीशी फ्युजन केलं की नकाशा सरळ येईल, असं वाटत होतं. नकाशा आला, पण हॉलची भिंत केळ्यासारखी वाकलेली. गंमत म्हणजे पहिल्या दोन-तीन मिनिटांत सगळं चोख असायचं आणि मग हेडिंग हळूहळू डावीकडे सरकायला लागायचं.

आधी संशय चाकांवर होता, म्हणून फिल्टर बाजूला ठेवून नुसता जायरो, म्हणजे वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर, तपासला. कोटा फरशीच्या सांध्याला रोबो समांतर लावला, जागच्या जागी डावीकडे १० फेऱ्या, पुन्हा त्याच सांध्याला समांतर. मग तेच उजवीकडे. प्रत्येक बाजूला सुमारे ८० सेकंद. खरा कोन ३६०० अंश. जायरोच्या बेरजेत डावीकडे ३५६६ आले, उजवीकडे ३५१८.

दोन्हीकडे फिरवून बघायचा फायदा इथे दिसतो. बायस, म्हणजे स्थिर असतानाही जायरो दाखवतो तो खोटा वेग, एका दिशेला भर घालतो, दुसऱ्या दिशेला कापतो. स्केलची चूक मात्र दोन्हीकडे सारखीच लागते. म्हणून सरासरी ३५४२, म्हणजे स्केल ३६०० भागिले ३५४२ = १.०१६. माझ्या आयएमयूच्या, म्हणजे एमपीयू६०५० चिपच्या, डेटाशीटमध्ये ±३ टक्के दिलेत, तेव्हा तक्रारीला जागा नाही. उरलेला फरक ४८, त्याचा निम्मा २४ अंश, तो ८० सेकंदांत. म्हणजे सेकंदाला ०.३ अंश बायस. एकाच दिशेला फिरवलं असतं तर हे दोन्ही आकडे एकमेकांत मिसळून गेले असते.

पण बायस तर रोबो सुरू होतानाच मोजून वजा केला होता! मग हे ०.३ आले कुठून? मिनिटाला १८ अंश होतात त्याचे, भिंतीचं केळं तेवढ्याने सहज होतं.

उत्तर चिपच्या तापमानाच्या रजिस्टरमध्ये सापडलं. रोबो स्थिर ठेवून, मोटर वरचेवर चालवून, जायरोचं झेड आणि तापमान एकाच ग्राफवर काढलं. तापमान ३१ वरून ४६ अंशांवर चढलं आणि बायस त्याच्याबरोबर सरकत गेला. चासीच्या प्लेटवर आयएमयूची भोकं बरोब्बर एल२९८एन या मोटर ड्रायव्हरच्या हीटसिंकशेजारी आहेत. हा ड्रायव्हर आत सुमारे २ व्होल्ट खातो आणि त्याची थेट उष्णता करतो. (२०२० नंतरही किटमध्ये हाच ड्रायव्हर का देतात, देव जाणे. मॉसफेटवाला छोटा ड्रायव्हर जवळपास तेवढ्याच पैशांत मिळतो.)

जाता जाता एक: तापमान वाचण्याआधी चिपची ओळख सांगणारं WHO_AM_I रजिस्टर बघा. 0x68 आलं तर ६०५०. तपकीर गल्लीतून आणलेल्या माझ्या दोन बोर्डांपैकी एकाने 0x70 दिलं, म्हणजे आत एमपीयू६५०० आहे. चालतो छान, पण त्याचं तापमानाचं सूत्र वेगळं आहे आणि जुन्या लायब्ररीला त्याचा पत्ता नसतो.

पहिला बेत होता तापमानागणिक बायसचा तक्ता करायचा. पण तापताना आणि निवताना एकाच तापमानाला वेगवेगळे बायस मिळाले. तक्ता बारगळला. मग दुसरं सुचलं: रोबो दर थोड्या वेळाने थांबतोच, आणि चाकं थांबलेली असताना जायरो जे सांगतो तोच बायस. मग त्यालाच फिल्टरची स्टेट का करू नये? robot_localization मध्ये जायरोच्या बायसला स्टेट नाही, तेव्हा हे ईएसपी३२ वरच उरकलं:

```cpp
// दर 10 ms; wz, b: अंश/सेकंद
theta += (wz - b) * dt;
P += Q * dt;
if (stopped) {
  float r = wz - b, S = P + R;
  if (r * r < 6.6f * S) {
    float K = P / S;
    b += K * r;
    P *= (1 - K);
  }
}
```

R, म्हणजे मापातला गोंगाट, स्थिर रोबोच्या लॉगमधून काढला: ४२ हर्ट्झच्या फिल्टरमागे नॉइज साधारण ०.०३ अंश/सेकंद, त्याचा वर्ग ०.००१. Q, म्हणजे बायस किती सरकू शकतो ते, मात्र तापमानाच्या ग्राफवरून: मिनिटाभरात बायस ०.१ सरकू शकतो असं धरलं, तर ०.१ चा वर्ग भागिले ६०, म्हणजे ०.०००१७. P म्हणजे बायसबद्दलची अनिश्चितता; सुरुवातीला ती ४०० ठेवलीय, कारण नव्या चिपचा बायस ±२० पर्यंत असू शकतो.

आता ती if (r * r ...) ओळ. ती आधी नव्हती. रोबो मस्त चालत होता, एका सकाळी आईने केर काढताना तो उचलला, वळवला आणि सोफ्याजवळ ठेवला. चाकं स्थिर, म्हणजे फिल्टरच्या मते रोबो थांबलेला. हातात फिरण्याचा वेग त्याने बायस म्हणून गिळला. खाली ठेवल्यावर पठ्ठ्या सोफ्याभोवती गोल गोल फिरायला लागला. आई म्हणाली, "अरे, याला चक्कर आलीय का?" तेव्हापासून अपेक्षेपेक्षा फार वेगळं रीडिंग आलं की फिल्टर ते नाकारतो. ६.६ हा काय-स्क्वेअरचा ९९ टक्क्यांचा आकडा. दुसरी खबरदारी stopped मध्ये आहे: एन्कोडरचे टिक बंद झाल्यावर अर्धा सेकंद थांबायचं, कारण गिअरच्या ढिलाईमुळे चाक थांबलं तरी अंग डोलत राहतं.

ही नाकारण्याची अट, म्हणजे गेट, ठेवताना Q फार लहान नको. P आकसतो, गेट चिंचोळं होतं आणि मग खराखुरा सरकलेला बायसही बाहेरच राहतो. ओळखायचं कसं? थांबलेल्या अवस्थेत r सतत एकाच बाजूला राहिला तर समजा गेट अडलंय.

चाकांचं काम त्यामानाने झटपट झालं. त्याच १० फेऱ्यांत एन्कोडरची बेरीज ३७४४ अंश होती. पट्टीने मोजलेलं चाकांमधलं अंतर १६८ मिमी, म्हणून प्रत्यक्षात लागू पडणारं १६८ × ३७४४ / ३६०० = १७४.७ मिमी. टायर रुंद असले की फरशीला नेमकं कुठे टेकतात ते पट्टी सांगत नाही. मोठ्या फिल्टरमध्ये, म्हणजे robot_localization मध्ये, ओडोमेट्रीतून फक्त पुढे जाण्याचा वेग vx आणि वळण्याचा वेग vyaw, आयएमयूमधून फक्त vyaw. दोघांचाही थेट कोन yaw घेतला तर दोन वेगवेगळे कोन एकमेकांशी भांडतात आणि पोझ उड्या मारते. वळताना चाकं घसरतात, म्हणून चाकांच्या vyaw चा कोव्हेरियन्स जायरोच्या शंभरपट ठेवलाय.

आता तापलेल्या रोबोनेही हॉलची भिंत सरळ येते. २ मीटरच्या चौकोनात पूर्वी दोन हात लांब संपायचा, आता दोन्ही दिशांनी वीतभराच्या आत.

उरलंय ते न थांबता लांब चालणं. पाच मिनिटं सलग फिरला की बायस पुन्हा जुना होतो. आतच फ्युजन करणारा बीएनओ०८५ सेन्सर घ्यायचं मनात होतं, पण हे लिहिता लिहिता सुचलं: सरळ जाताना wz वजा चाकांचा वेग हेसुद्धा बायसचंच माप आहे, फक्त गोंगाटाचं. तेव्हा त्याच अपडेटला R खूप मोठा देऊन, फक्त दोन्ही चाकांचा वेग जवळपास सारखा असताना, चालू करून बघतो. गालिच्यावर तो फसेल असं वाटतंय, कारण तिथे एक चाक रुततं आणि तो फरक बायस म्हणून आत जाईल. आधी फरशीवरचे आणि गालिच्यावरचे लॉग वेगळे काढतो. आयएमयूही ड्रायव्हरपासून दूर, वरच्या प्लेटवर नायलॉनच्या स्पेसरवर जाणार आहे. मधल्या गाळ्यात बॅटरी बसते का ते बघून.