आमची वाटचाल : कॅलप्रोटेक्टिनची तपासणी आम्ही कशी उभी केली

सांगलीत २००८ साली आमची पॅथॉलॉजी प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा शौचाची तपासणी म्हणजे काचपट्टीवर थोडासा नमुना पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी, अमिबा आणि पस सेल्स पाहणे, एवढेच आमच्याकडे होते. महिनोन्‌महिने पोट दुखणारे, दिवसातून चार-पाच वेळा संडासला जावे लागणारे तरुण रुग्ण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येत आणि बहुतेकांच्या अहवालात काहीच निघत नसे. यांतील अनेकांना आयबीएस असे, म्हणजे आतड्याची हालचाल आणि संवेदनशीलता बिघडलेली, पण अस्तर शाबूत. काही थोड्यांना मात्र क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे ज्याला एकत्रितपणे आयबीडी म्हणतात तो, आतड्याला सूज आणून जखमा करणारा आजार असे. सुरुवातीला दोघांच्याही तक्रारी जवळजवळ सारख्याच असतात आणि सूक्ष्मदर्शकाला त्यांतला फरक सांगता येत नाही. पस सेल्स या पांढऱ्या पेशी असून खाली येईपर्यंत त्यांतल्या बऱ्याच फुटून जातात, आणि नमुना घरून आणायला दोन-तीन तास लागले की उरलेल्याही ओळखू येत नाहीत.

कॅलप्रोटेक्टिनचे महत्त्व नेमके येथे आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या पेशीद्रवातील प्रथिनांपैकी सुमारे ६० टक्के वाटा या एकाच प्रथिनाचा असतो. आतड्याच्या अस्तराला सूज आली की न्यूट्रोफिल तेथून आत झिरपतात आणि फुटतात. पेशी नाहीशी झाली तरी कॅल्शियम धरून ठेवणारे हे प्रथिन आतड्यातील विकरांना आणि जंतूंना बरेच पुरून उरते व शौचातून मोजता येते. नॉर्वेतील माग्ने फागरहोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली त्याचे वर्णन केले, आणि शौचातील मोजणीची पद्धतही १९९० च्या दशकात तेथूनच पुढे आली. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१३ साली, कर्करोगाची शंका नसलेल्या रुग्णांत आयबीएस आणि आयबीडी वेगळे करण्यासाठी तिची शिफारस केली. त्यानंतर आमच्याकडेही पोटविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्यांवर हे नाव वारंवार दिसू लागले.

काही काळ आम्ही नमुने मुंबईला पाठवत होतो. स्वतःकडे तपासणी सुरू करताना अडचण ज्ञानाची नव्हती, हिशेबाची होती. ही मोजणी एलायझा या, प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजण्याच्या पद्धतीने होई, आणि तिच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. त्यांतले काही प्रमाणित द्रावणांना आणि कंट्रोलना द्यावेच लागतात, मग रुग्ण दोन असोत की तीस. त्यामुळे आम्ही नमुने उणे २० अंशांवर गोठवून आठवड्यातून एकदाच प्लेट लावू लागलो.

खरे काम प्लेटच्या आधीचे आहे, आणि ग्राहकाला ते दिसत नाही. रिकामी नळी व तिच्यातला प्लास्टिकचा लूप यांचे एकत्र वजन करून तराजू शून्यावर आणायचा, लूपने डबीतल्या तीन-चार ठिकाणचा मिळून सुमारे १०० मिलिग्रॅम नमुना घ्यायचा, लूप नळीतच मोडून टाकायचा, पुन्हा वजन करायचे, आणि आलेल्या वजनाच्या ४९ पट द्रावण घालून गुठळी राहणार नाही इतके घुसळायचे. आमच्या किटमध्ये हा अर्क पुढे आणखी ५० पट पातळ करावा लागे, म्हणजे एकूण २५०० पट. यंत्राने मिलिलिटरला ५२ नॅनोग्रॅम दाखवले, तर २५०० ने गुणून उत्तर येते ग्रॅमला १३० मायक्रोग्रॅम. नळीत १०० ऐवजी ९० मिलिग्रॅमच गेले आणि द्रावण मात्र १०० च्या हिशेबाने घातले, तर हेच उत्तर ११७ येते. पाण्यासारखा पातळ नमुना असला, तर वजन अचूक असूनही आकडा खाली येऊ शकतो, कारण त्या वजनात पाणीच जास्त असते. असा नमुना आम्ही अहवालात तसा नोंदवतो.

हा १३० चा आकडा मी कल्पनेतून घेतलेला नाही. एका विशीतल्या शिक्षिकेचा तो अहवाल होता. साधारणपणे ५० च्या खालचा आकडा आला की आतड्याला लक्षणीय सूज असण्याची शक्यता फार कमी होते, आणि २५० च्या वर गेला की दुर्बिणीच्या तपासणीचा विचार गंभीरपणे करावा लागतो. मधला पट्टा निव्वळ संदिग्ध असतो आणि आमच्या मते या तपासणीची खरी कसोटी तेथेच लागते. आमच्या नोंदपत्रकात गेल्या महिन्यातील औषधांचा एक रकाना आहे. त्यात या बाईंनी पाठदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या लिहिल्या होत्या. अशा वेदनाशामक गोळ्या स्वतःच आतड्याला सौम्य सूज आणतात. पित्ताच्या प्रोटॉन पंप रोखणाऱ्या गोळ्यांनी आणि नुकत्याच झालेल्या हगवणीनेही आकडा चढतो. आम्ही डॉक्टरांना फोन केला; त्यांनी गोळ्या थांबवून सहा आठवड्यांनी पुन्हा नमुना मागवला. तो सकाळचा पहिलाच असावा असे आम्ही सांगितले, कारण एकाच दिवसातल्या दोन नमुन्यांतही बराच फरक पडतो. दुसरा आकडा ३४ आला आणि दुर्बीण टळली.

उलट, आकडा ८०० आला म्हणजे क्रोन्स, असे आम्ही कधीच लिहीत नाही. कॅलप्रोटेक्टिन सूज आहे एवढे सांगते, ती कशामुळे आहे ते सांगत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत हा मुद्दा एखाद्या ओळीत आटोपतो, पण आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग हा क्रोन्सचा इतका जवळचा तोतया आहे की दोन्हींत आकडा चढलेलाच असतो, आणि क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर क्षय बळावतो. तो निर्णय दुर्बीण, बायोप्सी आणि क्षयाच्या जंतूंचा शोध यांवरच होतो. म्हणून वरच्या आकड्यांच्या अहवालाखाली आम्ही हे एका वाक्यात छापतो. पन्नाशीपुढचा रुग्ण, शौचातून रक्त, घटते वजन किंवा ॲनिमिया असेल, तर आमचा आकडा ५० च्या खाली असला तरी त्याच्या भरवशावर दुर्बीण पुढे ढकलू नये, हेही आम्ही डॉक्टरांकडे आवर्जून बोलतो.

सोबतीच्या तपासण्यांबाबत आमची निवड थोडी कंजूष आहे. लॅक्टोफेरिन हेही न्यूट्रोफिलमधूनच येते आणि बहुतांशी तीच गोष्ट सांगते, म्हणून त्याचे किट आम्ही ठेवले नाही. फिट, म्हणजे शौचातील मानवी हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी, ठेवली, कारण ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. मात्र लहान आतड्यापुरत्या क्रोन्समध्ये रक्तस्राव नसू शकतो आणि तेथे कॅलप्रोटेक्टिनही मोठ्या आतड्याइतके भरवशाचे नसते, हे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचणाऱ्याला माहीत असलेले बरे.

अलीकडे रुग्णसंख्या वाढल्यावर आम्ही एलायझावरून छोट्या यंत्रावर चालणाऱ्या किटवर आलो. त्यात खाचा असलेली काडी नमुन्यात बुडवून ठरावीक मात्रा उचलते, त्यामुळे वजनाची कटकट गेली. पातळ नमुना काडीवरून ओघळतो, ही नवी अडचण तेवढी आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच नमुन्याचे आकडे दुपटीनेही वेगळे येऊ शकतात. ज्यांचा आयबीडी ठरलेला आहे आणि औषधाचा परिणाम पाहण्यासाठी जे दर काही महिन्यांनी येतात, त्यांना किट बदलल्यामुळे ‘आजार उसळला’ असे वाटू नये, यासाठी बदलाच्या काळात त्यांचे नमुने आम्ही दोन्ही पद्धतींनी तपासले, एकाच पद्धतीचे पैसे घेतले, आणि तेव्हापासून प्रत्येक अहवालावर किटचे नाव व पद्धत छापतो.