तुम्ही विचारलंत म्हणून: व्हायवाची पहिली पाच मिनिटं

"मॅडम, व्हायवाच्या सुरुवातीला अध्यक्ष म्हणतात, 'पाच मिनिटांत थोडक्यात सांगा.' चार वर्षांचं काम पाच मिनिटांत कसं बसवायचं? काय काय गाळायचं?"

गाळायला बसूच नका. आधी शेवटचं वाक्य लिहा. तुमच्या प्रबंधामुळे जगाला काय नवीन कळलं, ते एका वाक्यात. मग उलटं मागे या: हे वाक्य ऐकायला माणूस तयार व्हावा म्हणून त्याला कोणता प्रश्न माहीत असायला हवा आणि तुम्ही तो कसा सोडवलात याबद्दल किती कळायला हवं? तेवढंच ठेवा. सोपं वाटतं, पण ते एक वाक्य सापडायलाच सगळा वेळ लागतो. कसा, ते एका मुलीच्या तयारीवरून सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून विषयाचा तपशील थोडा बदलला आहे.

ती कल्याणहून माझ्याकडे दादरला यायची. प्रबंध मुंबईत पावसाळ्यात पाणी साचतं त्यावर. हिंदमातासारखे तीन सखल चौक तिनं निवडले होते. पहिल्या दिवशी मी काही न बोलता तिला पूर्ण भाषण करायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. सतरा स्लाइड, चौदा मिनिटं वीस सेकंद. मग आम्ही दोघींनी ते परत ऐकलं आणि तिच्या छापील पीपीटीच्या समासात पेन्सिलीनं वेळ लिहीत गेलो. मुंबईची सात बेटं, मग २६ जुलै २००५, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, मग आधीच्या संशोधनाचा आढावा. तिचा स्वतःचा प्रश्न पहिल्यांदा आला तो सहा मिनिटं दहा सेकंदांवर. निष्कर्षांना शेवटची चाळीस सेकंदं मिळाली होती, तीही 'निष्कर्ष आणि पुढील काम' अशी एकत्र. अध्यक्षांनी पाचव्या मिनिटाला थांबवलं असतं, तर तिचं काम खोलीतल्या कुणालाच कळलं नसतं. माझ्या स्वतःच्या व्हायवाला नेमकं हेच झालं होतं. मी आढाव्यातच होते, मला थांबवलं गेलं आणि पहिला प्रश्न आला, "मग तुम्ही काय केलंत?" तो प्रश्न अजून कानात आहे, म्हणून मी या पेन्सिलीचा आग्रह धरते.

मग वाक्य. तिनं लिहिलं, "मी मुंबईतल्या तीन चौकांमधल्या पाणी साचण्याचा अभ्यास केला." हे काम झालं, योगदान नव्हे. अभ्यास सगळेच करतात. दुसऱ्यांदा लिहिलं, "मी पावसाचे आणि भरतीचे आकडे एकत्र करून नवीन मॉडेल तयार केलं." ही पद्धत झाली. शिवाय त्यातला 'नवीन' हा शब्द घातक होता. तिनं वापरलेलं संख्याशास्त्र पाठ्यपुस्तकातलं आहे. परीक्षकांनी "यात नवीन काय?" एवढंच विचारलं असतं, तर पुढची दहा मिनिटं तिनं तो एक शब्द परत घेण्यात घालवली असती. सुरुवातीच्या भाषणात तुम्ही जे म्हणता त्यावरच पहिले प्रश्न येतात, हे लक्षात ठेवा. 'नवीन', 'प्रथमच', 'सर्वंकष' या शब्दांपुढे पुरावा उभा करता येत नसेल तर ते काढा.

तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "पाणी कधी साचेल हे मुख्यतः गेल्या तासाभराच्या पावसावर ठरतं, पण ते किती वेळ राहील हे भरती ठरवते." मला आवडलं. इथं एक विधान होतं, खरं किंवा खोटं ठरू शकेल असं. त्या आनंदात मी शेजारच्या काकूंना बोलावलं. काकू चाळीस वर्षं परळ-दादरमध्ये राहिलेल्या. मी तिला इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतच सगळं सांगायला लावलं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पाऊस थांबला तरी भरती असली की पाणी उतरत नाही, असंच ना? ते तर आम्हाला माहीतच आहे गं."

मुलीचा चेहरा उतरला. पण काकूंनी तिचा प्रबंध वाचवला असं मी मानते. कारण त्या बरोबर होत्या. मुंबईचे नाले बहुतेक ठिकाणी उतारानं समुद्राला मिळतात. जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आणि तेही ओहोटी असताना, अशा हिशेबानं बांधलेली. भरतीला समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की पाणी बाहेर पडणार कुठून? हे इथं प्रत्येक दुकानदाराला कळतं. मग चार वर्षांत तिला जास्तीचं काय कळलं होतं?

ते तिच्या प्रबंधात होतं, पाचव्या प्रकरणात, एका आलेखाखाली. प्रत्येक चौकाला भरतीची एक ठरावीक उंची सापडली होती. भरती तिच्या खाली असेपर्यंत पाणी नेहमीच्या वेगानं ओसरतं आणि ती ओलांडली की ओसरणं एकदम मंदावतं. ती उंची तिन्ही चौकांत वेगवेगळी होती. हे कळल्यावर पाणी साचण्याची आणि ओसरण्याची तिची जुनी मांडणीही जागेवर बसली. दर पावसाळ्याआधी ४.५ मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर होते, ती संपूर्ण शहरासाठी एकच. तिच्या एका चौकात त्याहून कमी उंचीलाच पाणी अडकत होतं. म्हणजे यादीत नसलेल्या दिवशीही. चौथं वाक्य असं झालं: "भरतीमुळे पाणी अडतं हे सर्वांना माहीत आहे, ते नेमकं किती उंचीच्या भरतीपासून अडतं हे चौकागणिक बदलतं, आणि ती उंची साध्या नोंदींवरून काढता येते, हे मी तीन चौकांसाठी दाखवलं." काकूंना परत ऐकवलं. त्या म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं."

एवढं हाती आल्यावर बाकीचं भाषण जवळपास आपोआप लिहिलं गेलं. प्रश्न मांडताना २००५ गेलं. याचं तिला फार वाईट वाटलं, कारण तो पूर तिनं लहानपणी पाहिलेला. पण तिचं काम अशा प्रलयाबद्दल नव्हतंच. नेहमीच्या पावसाळ्यात, चार तास कंबरभर पाणी, अशा दिवसांबद्दल होतं. ९४४ चा आकडा ऐकून परीक्षक त्या दिवसाबद्दलच विचारत बसले असते. सात बेटंही गेली. ताशी २५ मिलिमीटर आणि ओहोटी, हे मात्र ठेवलं, कारण त्या एका वाक्यानं भरतीचा संबंध लगेच कळतो. प्रश्नाचं पहिलं वाक्य काकूंचंच ठेवलं: भरतीला पाणी अडतं, हे मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. आणि लगेच पुढे, पण कोणत्या उंचीपासून, ते चौकासाठी सांगता येत नाही. प्रश्न दीड मिनिटात संपला.

पद्धतीची गोष्ट वेगळी. तिथं माणूस वेळ कष्टाच्या प्रमाणात वाटतो. तिचे आठ महिने पावसाच्या नोंदी साफ करण्यात गेले होते, दर पंधरा मिनिटांच्या, मधूनच गायब होणाऱ्या. साहजिकच तिला त्यावर तीन स्लाइड हव्या होत्या. मी विचारलं, हे काढलं तर तुझ्या शेवटच्या वाक्यावरचा विश्वास कमी होईल का? नाही. उलट जे तिनं एका ओळीत उरकलं होतं, त्याशिवाय ते वाक्य उभंच राहत नव्हतं: पाण्याची खोली मोजली कशी? तिनं चौकातल्या दिव्याच्या खांबावर रंगाची पट्टी आखून घेतली होती. समोरचे दुकानदार पाणी चढताना आणि उतरताना मोबाइलवर त्या पट्टीचे फोटो काढून पाठवायचे. फोटोवर वेळ असायची. ऐकणाऱ्याच्या मनातली पहिली शंका तीच असते, म्हणून ते पन्नास सेकंद सांगायचं ठरलं. उरलेल्या वेळात एकच निर्णय: चढण्याच्या आणि उतरण्याच्या नोंदी वेगळ्या का केल्या. सॉफ्टवेअरची नावं, नोंदी साफ करण्याच्या पायऱ्या, आधीच्या संशोधनाचा तक्ता, सगळं 'धन्यवाद'च्या मागे बॅकअप स्लाइडमध्ये गेलं. फेकलं काहीच नाही, फक्त कुणी विचारलं तर दाखवायचं.

योगदानाला दीड मिनिट राखून ठेवलं आणि त्यातलं निम्मं एका आलेखाला. आलेख पडद्यावर आला की आडवा अक्ष काय, उभा अक्ष काय, कुठं बघायचं, हे सांगायला अर्धं मिनिट जातंच. ते धरलं नाही तर हिशेब चुकतो. शेवटी मर्यादा, दोन वाक्यांत: चौक तीनच, पावसाळे दोन, आणि पंप कधी चालू होते याच्या नोंदी हाती नव्हत्या. आपण होऊन सांगितलेली मर्यादा परीक्षक शांतपणे ऐकतात; त्यांनी शोधून काढली की ती चूक ठरते.

शब्दांचं गणित थोडक्यात. परक्या भाषेत, समजेल असं बोलताना ती मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द बोलायची. म्हणून कागदावर साडेचारशेच शब्द ठेवले आणि चार स्लाइड. तुमचा वेग स्वतःच्या रेकॉर्डिंगवरून काढा, माझा आकडा घेऊ नका. संपूर्ण भाषण पाठ करायचं नाही. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र तोंडपाठ हवं. तुमच्या विभागात वीस मिनिटं देत असतील, तरी हीच पाच मिनिटं आधी ठेवा आणि तपशील त्यांच्या मागे लावा.

आणखी एक. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध वाचून अहवाल पाठवलेला असतो, पण व्हायवाला इतर प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थीही बसू शकतात आणि त्यांनी काहीच वाचलेलं नसतं. म्हणून शेवटची तालीम गाईडसमोर करू नका, गाईडना सगळं माहीत असतं. दुसऱ्या विषयाच्या माणसासमोर करा, आणि नंतर 'कसं झालं?' असं न विचारता 'मी काय शोधलं ते दोन वाक्यांत सांगा' असं म्हणा. तो जे सांगेल तेच खोलीतल्या लोकांच्या लक्षात राहणार आहे. तो पट्टीबद्दल आणि फोटोंबद्दलच बोलत राहिला, तर पद्धत जास्त झाली. तो 'मुंबईत पाणी साचतं' एवढंच म्हणाला, तर प्रश्न जास्त झाला.

तिचं भाषण चार मिनिटं चाळीस सेकंदांत झालं. परीक्षकांचा पहिला प्रश्न होता, "ही जी उंची काढलीत, ती दोन्ही पावसाळ्यांत तीच आली का?" तिनं बॅकअपमधली तिसरी स्लाइड उघडली.