पन्नास लाखांची नोट आणि इंग्रजीतले लहान शब्द

मी कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र सांगलीत हळद आणि बेदाणा साठवणाऱ्यांसाठी ओलावा मोजणारे यंत्र बनवतो. त्याच्या कंपनीला ५० लाख रुपये देऊ करणाऱ्या गुंतवणूकदाराने कन्व्हर्टिबल नोटचा, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाचा, चौदा पानी इंग्रजी मसुदा पाठवला, तेव्हा तो छापील प्रत घेऊन माझ्याकडे आला. प्रत्येक अवघड शब्दावर त्याने पेन्सिलीने अर्थ लिहिला होता. ‘कॅप’वर ‘कमाल मर्यादा’ होते, ‘डिस्काउंट’वर ‘सूट’ आणि ‘मॅच्युरिटी’वर ‘मुदतपूर्ती’. एकही अर्थ चुकीचा नव्हता, तरी त्यावरून त्याने काढलेले तीनही निष्कर्ष चुकले होते.

त्याची समजूत अशी होती की ८ कोटींची कॅप म्हणजे आपल्या कंपनीची किंमत कधीही ८ कोटींच्या वर धरली जाणार नाही. २० टक्के डिस्काउंट म्हणजे परतफेडीत आपल्याला सूट, म्हणजे ४० लाखच परत करायचे. आणि दोन वर्षे झाली की नोटचे आपोआप शेअर होतात. पहिली समजूत त्याला घाबरवत होती, दुसरी सुखावत होती, आणि तिसरी सर्वांत धोकादायक होती, कारण तिच्याबद्दल त्याला शंकाच आली नव्हती.

मी सुरुवातीला व्याख्यांचे पान उघडून एकेक व्याख्या मराठीत सांगू लागले. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आले की तो मान हलवतो आहे, पण काहीच जुळत नाही. मग मसुदा बाजूला ठेवून त्याच्यापुढे कॅल्क्युलेटर ठेवला आणि सांगितले, की या चौदा पानांत शेवटी एकच भागाकार आहे: नोटची रक्कम भागिले एका शेअरचा भाव. भाव जितका कमी, तितके गुंतवणूकदाराला शेअर जास्त. कॅप आणि डिस्काउंट हे तो भाव काढण्याचे दोन मार्ग आहेत. त्यांचा परतफेडीशी संबंध नाही.

कंपनीचे एकूण शेअर १,००,०००. व्याज सरळव्याजाने ८ टक्के. अठरा महिन्यांनी भांडवल उभारणीचा पुढचा राउंड झाला आणि नव्या गुंतवणूकदाराने, त्याचे पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत १२ कोटी धरली, असे आपण मानले. तेव्हा नोटची रक्कम व्याजासह ५६ लाख होते. नव्या माणसाचा भाव १२ कोटी भागिले १ लाख, म्हणजे १,२०० रुपये. डिस्काउंटने तोच भाव ९६० होतो. कॅपने भाव काढायचा तर ८ कोटी भागिले १ लाख, म्हणजे ८००. त्याने तिन्ही आकडे मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूला एकाखाली एक लिहिले आणि विचारले, “ताई, मग कंपनीची किंमत तर बारा कोटीच राहिली की?” तेथे कॅप त्याला समजली. कंपनी कितीही मोठ्या किमतीला जाऊ शकते. फक्त नोटवाल्याचा भाव काढताना ८ कोटींच्या वरची किंमत धरायची नाही. धोका त्याने आधी पत्करला, म्हणून भाव त्याला जुना.

आता या दोन भावांतला कोणता? मसुद्यात लिहिले होते ‘द लोअर ऑफ’, म्हणजे दोहोंपैकी जो कमी तो. या तीन शब्दांवर त्याने पेन्सिल लावलीच नव्हती. मोठा शब्द माणूस शब्दकोशात शोधतो; ‘लोअर ऑफ’, ‘शॅल’, ‘मे’ हे शब्द येतातच असे समजून पुढे जातो. येथे ८०० हा कमी, म्हणून ५६ लाख भागिले ८००, म्हणजे ७,००० शेअर. हेच वाक्य सैलपणे लिहिले गेले आणि कॅपच्या भावावर पुन्हा २० टक्के डिस्काउंट लागला, तर भाव ६४० आणि शेअर ८,७५० होतात. ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ पडल्याचा हा परिणाम, म्हणून हे वाक्य मी त्याला मोठ्याने वाचायला लावले.

त्याचा पुढचा प्रश्न मला फार आवडला: मग डिस्काउंट उपयोगी पडतो केव्हा? ८ कोटी भागिले ०.८ केले की १० कोटी येतात. राउंड १० कोटींच्या खालच्या किमतीला झाला तर डिस्काउंटचा भाव कमी पडतो, वर झाला तर कॅपचा. ९ कोटींचा राउंड असेल तर भाव ९००, डिस्काउंटने ७२०, आणि तो कॅपच्या ८०० पेक्षा कमी. म्हणजे कंपनी झपाट्याने वाढली तर कॅप गुंतवणूकदाराला सांभाळते आणि जेमतेम वाढली तर डिस्काउंट. कॅपवर घासाघीस करायची की डिस्काउंटवर, हे आपला पुढचा राउंड या रेषेच्या कोणत्या बाजूला पडेल असे वाटते, त्यावर ठरवायचे. त्याला १० कोटींच्या वर जाण्याची खात्री होती, म्हणून त्याने डिस्काउंट तसाच राहू दिला.

कॅपच्या भागाकारात खालचा आकडाही तपासावा लागतो. मसुद्यात ‘फुली डायल्युटेड’, म्हणजे पुढे द्यायचे शेअरही मोजून येणाऱ्या, शेअरसंख्येत, पुढच्या राउंडसाठी कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या शेअरच्या ईएसओपी पूलमध्ये होणारी वाढही धरली होती. नव्या गुंतवणूकदाराने १०,००० शेअरचा पूल मागितला, तर संख्या १,१०,००० होते, भाव सुमारे ७२७ वर येतो आणि नोटवाल्याला ७,७०० शेअर जातात. कॅप ८ कोटींचीच राहते आणि तरी ७०० शेअर जास्त द्यावे लागतात. आम्ही ती वाढ वगळून घेतली.

यापुढचा सगळा दिवस शेअर होण्याच्या प्रसंगांवर गेला. आपोआप रूपांतर फक्त ‘क्वालिफाइड फायनान्सिंग’ झाले तरच होणार होते, आणि त्याची अट होती एकाच व्यवहारात किमान ५ कोटी. त्याला मी विचारले, “पुढच्या वेळी तू किती उभे करणार आहेस?” तो म्हणाला, तीन कोटी. म्हणजे त्याने योजल्याप्रमाणे सर्व काही सुरळीत झाले असते, तरी नोट कर्जच राहिली असती आणि त्यावर व्याज चढत राहिले असते. अशी किमान रक्कम ठेवण्यात गुंतवणूकदाराचे काही चुकत नाही. कोणा ओळखीच्या माणसाकडून दहा-वीस लाख घेऊन, मनाला येईल तो भाव लावून, त्याच्या नोटचे रूपांतर उरकले जाऊ नये, एवढीच त्याची काळजी असते. पण ती रक्कम कंपनीच्या खऱ्या गरजेच्या वर नसावी. आम्ही २ कोटी मागितले, ‘एक किंवा अधिक हप्त्यांत’ हे शब्द घातले, आणि त्याखालच्या राउंडमध्ये रूपांतर करायचे की नाही हे गुंतवणूकदाराच्या मर्जीवर ठेवले. त्यांनी ते एका फोनवर मान्य केले.

येथे ‘शॅल’ आणि ‘मे’ यांची ओळख झाली. क्वालिफाइड फायनान्सिंगच्या वाक्यात नोटचे रूपांतर ‘शॅल’ म्हणजे होणारच. मुदतपूर्तीच्या वाक्यात मात्र ‘होल्डर मे’ होते: नोटधारकाला वाटले तर शेअर, नाही तर पैसे परत. मुदत २४ महिन्यांची, म्हणजे ५० लाखांवर ८ लाख व्याज, एकूण ५८ लाख. आणि त्याचे बहुतेक पैसे तोवर यंत्रांत आणि उधारीत गेलेले असणार. आपोआप शेअर होतात ही त्याची समजूत तेथे कोसळली आणि तो बराच वेळ गप्प बसला.

हा पर्याय काढून टाका असे मात्र मी गुंतवणूकदाराला सांगू शकत नव्हते. कंपन्यांनी घेतलेल्या ठेवींबाबतच्या २०१४ च्या नियमांत २०१६ साली कन्व्हर्टिबल नोटची जी व्याख्या आली, तिच्यातच ही रक्कम सुरुवातीला कर्ज आहे आणि नोटधारकाच्या इच्छेनुसार परतफेडीची आहे, असे म्हटले आहे. मुदतीची कमाल मर्यादा तेव्हा पाच वर्षे होती, २०२० मध्ये ती दहा झाली. म्हणून वाढवण्यासारखी होती ती मुदत. ती ३६ महिने झाली. शिवाय मुदत संपली आणि तोवर राउंड झालाच नाही, तर डिस्काउंट लावायला भावच नसतो. तेव्हा कोणत्या भावाने शेअर द्यायचे याबद्दल मसुदा मूक होता. तेथे कॅपचा भाव लिहून घेतला. कंपनी विकली गेली तर काय, या कलमात मुद्दलाच्या दुप्पट किंवा शेअरचे मूल्य यांपैकी जास्त ते, असे होते. ६ कोटींना विक्री झाली तर १ कोटी आधी बाजूला जाणार, हे त्याने स्वतः मांडून पाहिले आणि तरी ठेवले.

याच व्याख्येमुळे आणखी दोन दुरुस्त्या निघाल्या. मसुदा अमेरिकी नमुन्यावरून घेतलेला असल्याने रूपांतर ‘प्रिफर्ड स्टॉक’मध्ये लिहिले होते, आपल्या नियमात इक्विटी शेअर आहे. आणि गुंतवणूकदार आधी ३० व नंतर २० लाख देणार होता. ही रक्कम ठेवीच्या व्याख्येतून सुटण्यासाठी कंपनीला केंद्राच्या डीपीआयआयटी या विभागाची स्टार्टअप म्हणून मान्यता लागते, ती त्याच्याकडे होती. पण एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाखही यावे लागतात. दुसरा हप्ता या सवलतीत बसला नसता. शेवटी ५० लाख एकदम आले, आणि त्याआधी आम्ही कंपनी कायद्याच्या कलम ६२(३) खाली विशेष ठराव करून घेतला, कारण कर्जाचे शेअर करण्याची अट पैसे घेण्यापूर्वी ठरावाने मंजूर झालेली असावी लागते.

अठरा महिन्यांनी राउंड खरोखरच १२ कोटींच्या किमतीला ठरला, ३ कोटींचा. नव्या गुंतवणूकदाराचा मसुदा माझ्याकडे दुपारी आला आणि मी तो उघडण्याआधीच भावाच्या मित्राचा फोन आला. “ताई, त्यांनी भाव अकराशे एकवीस रुपये पन्नास पैसे लिहिलाय. बारा कोटींना एक लाखाने भागलेलं नाही, एक लाख सात हजाराने भागलंय.” मी तपासले. नोटचे ७,००० शेअर त्यांनी आपल्या आधीच्या संख्येत धरले होते, म्हणजे त्या शेअरांचा भार त्यांच्यावर न पडता पूर्णपणे संस्थापकावर पडत होता. त्यांना २५,००० ऐवजी २६,७५० शेअर मिळणार होते आणि संस्थापकाचा हिस्सा ७५.७६ टक्क्यांऐवजी ७४.७७ राहणार होता. अशी मागणी नवे गुंतवणूकदार सर्रास करतात आणि ती मान्य करणेही गैर नाही. त्याने ती मान्य केली, पण त्या बदल्यात ईएसओपी पूल राउंडनंतर सर्वांच्या हिश्शातून काढायचा, हे लिहून घेतले. नोटवाल्याच्या नावे ७,००० शेअर नोंदवून मी तिसाव्या दिवसाच्या बऱ्याच आधी शेअरवाटप कळवणारा पीएएस-३ फॉर्म भरला.